संध्याकाळी रीसेट, रात्री झेनर शॉर्ट: दोन्ही तक्रारींचं मूळ एकाच रेझिस्टरमध्ये

धायरीतल्या एका सोसायटीच्या पंपाचं लेव्हल कंट्रोलर कार्ड दीड वर्षात तिसऱ्यांदा बिघडलं आणि या वेळी माझ्या टेबलावर आलं. पहिल्या वेळची तक्रार अशी होती: संध्याकाळी टाकी भरत आली की रिले टकटक टकटक करतो, पंप चालू-बंद होतो आणि दिवे नाचतात. कोणीतरी ते दुरुस्त केलं. दुसऱ्या वेळेपासून तक्रारच बदलली. संध्याकाळी सगळं उत्तम, पण महिना-दीड महिन्यात एखाद्या सकाळी कार्ड पूर्ण मेलेलं सापडायचं. एक झेनर शॉर्ट आणि त्याच्यामागचा रेझिस्टर कोळसा. झेनर बदलला की पुन्हा महिनाभर सुखात.

सोसायटीचे सेक्रेटरी काका म्हणाले, "अहो, आधी भूत संध्याकाळचं होतं, आता रात्रीचं झालंय. पार्ट चांगले मिळत नाहीत का हल्ली?" पार्टांचा दोष नव्हता. दोन्ही भुतं एकाच पिंपळावर राहत होती, आणि तो पिंपळ म्हणजे झेनरच्या आधीचा सिरीज रेझिस्टर. पहिल्या वेळी तो फार मोठा होता. दुरुस्त करणाऱ्याने तो लहान केला, पण जरा जास्तच. ही अदलाबदल मी इतक्या कार्डांवर पाहिली आहे की एकदा नीट लिहून ठेवतो.

कार्डात काय आहे

२३० ते १२ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर, चार डायोडचा ब्रिज, ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. रिले १२ व्होल्टचा, तो थेट या कच्च्या डीसीवर चालतो आणि ३० मिलिअँपिअर खातो. मायक्रोकंट्रोलर आणि पाच लेव्हल दिव्यांना ५ व्होल्ट लागतात. त्यासाठी एक सिरीज रेझिस्टर आणि जमिनीकडे ५.१ व्होल्टचा झेनर, बस्स.

या रचनेत रेझिस्टरमधून जो करंट येतो त्यातला लोडला हवा तेवढा लोड घेतो आणि उरलेला झेनर पितो. लोडने कमी घेतला की झेनरला जास्त प्यावा लागतो. म्हणजे झेनरचं काम नळाखालच्या ओव्हरफ्लो पाइपसारखं आहे. पाणी कमी आलं तर ओव्हरफ्लो कोरडा पडतो आणि पातळी खाली जाते. फार आलं तर पाइप फुटतो. नळ किती उघडा ठेवायचा हे रेझिस्टर ठरवतो, आणि तो एकदा सोल्डर केला की हलत नाही. इनपुट व्होल्टेज आणि लोड मात्र दिवसभर हलत असतात.

आधी आपली तक्रार कोणती ते ओळखा

जास्त लोडवर आणि मेन्स पडलेली असताना गडबड होत असेल, तर रेझिस्टर मोठा आहे. खूण अशी की झेनरवरचं व्होल्टेज ५.१ च्या खाली घसरतं, झेनर थंडगार असतो, आणि तो काढून टाकला तरी आउटपुटमध्ये काही फरक पडत नाही. पडेलच कसा? त्याच्यातून करंटच जात नसतो. (ही काढून पाहायची चाचणी फक्त व्होल्टेज पडलेलं असतानाच करा. मेन्स चढलेली असताना झेनर काढलात तर सगळं कच्चं डीसी मायक्रोकंट्रोलरच्या डोक्यावर.)

कमी लोडवर आणि मेन्स चढलेली असताना झेनर मरत असेल, तर रेझिस्टर लहान आहे किंवा झेनर दुबळा आहे. बहुधा दोन्ही. झेनर जास्त तापून मरतो तेव्हा तो बहुतेकदा शॉर्ट होतो. आउटपुट शून्य होतं, कार्ड मरतं, पण मायक्रोकंट्रोलर वाचतो. त्यानंतर सगळं कच्चं व्होल्टेज एकट्या रेझिस्टरवर येतं, म्हणून तो जळतो. जळलेला रेझिस्टर दिसला की लोक तोच गुन्हेगार समजतात, पण तो दुसरा बळी असतो.

आमच्या कार्डावर मुळात ३३० ओहम होता. रीसेटची तक्रार आल्यावर आधीच्या कारागिराने तो काढून १०० ओहम, २ वॅटचा टाकला. झेनर तोच ठेवला: ५.१ व्होल्ट, अर्धा वॅट, बारीक काचेचा.

चार आकडे मोजायचे

रेझिस्टर निवडायला चार गोष्टी लागतात: इनपुटचं सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त व्होल्टेज, लोडचा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त करंट. अंदाजाने "१२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे इनपुट १२" असं धरलं की तिथेच गणित फसतं.

लोडपासून सुरुवात करू, कारण तो सोपा आहे. झेनर काढून बेंच सप्लायने ५ व्होल्ट दिले आणि मीटर सिरीजमध्ये लावला. टाकी भरत आली की पाचही दिवे लागतात, तेव्हा २५ मिलिअँपिअर. टाकी भरून पंप बंद झाला की कार्ड एक हिरवा दिवा ठेवून बाकीचे विझवतं, तेव्हा फक्त ४.

इथेच पहिल्या तक्रारीची वेळ का ठरलेली होती ते कळतं. पहिले तीन दिवे लागेपर्यंत ३३० ओहम पुरायचा. चौथ्याला काठावर यायचा आणि पाचवा लागला की व्होल्टेज ४ च्या आसपास. त्या मायक्रोकंट्रोलरची ब्राउन-आउट मर्यादा तिथेच होती. तो रीसेट झाला की रिले सुटायचा, दिवे विझायचे, लोड हलका व्हायचा, व्होल्टेज परत यायचं, कार्ड पुन्हा जागं होऊन पंप लावायचं, आणि पुन्हा पाच दिवे. हीच ती टकटक.

आता इनपुट. कमीत कमी व्होल्टेज मोजायला संध्याकाळी सातला सोसायटीत गेलो. सगळ्या इमारतींचे पंप एकदम चालू असतात ती वेळ. मेन्स १७२ व्होल्ट होती. रेझिस्टर अजून ठरलेला नव्हता, म्हणून रिले चालू ठेवून कार्डाच्या जागी ३० मिलिअँपिअर ओढणारा डमी लोड लावला. हे मुद्दाम सांगतो, कारण रिकाम्या कपॅसिटरवर मोजलेलं व्होल्टेज खोटं असतं, आणि जास्त आशादायक बाजूला खोटं असतं.

मीटरने डीसी १०.६ व्होल्ट दाखवलं. पण मीटर सरासरी दाखवतो. कपॅसिटरवरचं व्होल्टेज दर १० मिलिसेकंदाला चढतं-उतरतं, आणि मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो तो खालच्या टोकाला. ऑसिलोस्कोप असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर मीटर एसी रेंजवर त्याच कपॅसिटरवर लावा (तुमचा मीटर एसी रेंजवर डीसी अडवतो याची खात्री आधी बॅटरीवर करून घ्या, शून्य दिसलं पाहिजे). मला ०.३७ व्होल्ट दिसले. रिपल करवतीच्या दातासारखा असतो, म्हणून या आकड्याला साडेतीनने गुणलं की टोकापासून टोकापर्यंतचा रिपल मिळतो, साधारण १.३ व्होल्ट. पडताळा हिशेबानेही होतो: ६० मिलिअँपिअर, १० मिलिसेकंद, ४७० मायक्रोफॅरड, उत्तर १.२८. सरासरीतून रिपलचा निम्मा भाग वजा केला की तळ १० व्होल्टवर येतो. हा आपला खालचा आकडा.

जास्तीत जास्त व्होल्टेज मात्र हलक्या लोडवर मोजायचं. रात्री अडीचला सोसायटीत जायची माझी तयारी नव्हती, म्हणून वॉचमनदादांना प्लगमध्ये खोचायचा एक व्होल्टमीटर देऊन आकडे वहीत लिहायला सांगितलं. त्यांनी चार रात्री इमानदारीने लिहिले; सर्वांत वरचा २४८ होता. टेबलावर व्हेरिअ‍ॅकने २४८ दिले, रिले बंद, लोड नाममात्र, आणि कपॅसिटरवर २० व्होल्ट आले. "१२ व्होल्टच्या" ट्रान्सफॉर्मरमधून २०! त्यात आश्चर्य काही नाही. १२ हा आकडा पूर्ण लोडचा असतो. लोड काढला की छोटा ट्रान्सफॉर्मर सहज पंधरा-वीस टक्के वर जातो. त्यावर मेन्स चढलेली, आणि त्याचं शिखर म्हणजे १.४१ पट. ब्रिजचे १.४ व्होल्ट गेले तरी २० उरतात.

दोन टोकं, दोन सूत्रं

```
Rmax = (Vin_min - Vz) / (IL_max + Iz_min)
Rmin = (Vin_max - Vz) / (Iz_max + IL_min)
```

वरचं सूत्र उपासमारीचं आहे. इनपुट सर्वांत कमी आणि लोड सर्वांत जास्त असतानाही झेनरला थोडा करंट उरला पाहिजे, नाहीतर तो नियंत्रण सोडतो. खालचं सूत्र अजीर्णाचं. इनपुट सर्वांत जास्त आणि लोड सर्वांत कमी असताना झेनरला झेपेल त्याहून जास्त करंट जाता कामा नये. रेझिस्टर या दोघांच्या मध्ये बसवायचा.

झेनरला किमान किती ठेवायचा? मी ५ मिलिअँपिअर धरतो. ५.१ व्होल्टच्या झेनरचा गुडघा मऊ असतो. १२ व्होल्टचा झेनर एका मिलिअँपिअरवरही बऱ्यापैकी ताठ उभा राहतो, पण ५.१ चा तितक्यावर लवकर वाकतो. त्याला जरा जास्त खाऊ घालावं लागतं.

```
Rmax = (10 - 5.1) / (0.025 + 0.005) = 163 ohm
```

म्हणजे ३३० ओहम मुळातच दुप्पट मोठा होता. कार्ड बनवणाऱ्याने बहुधा मेन्स २३० धरून आणि दोन-तीन दिवे धरून गणित केलं असावं. त्या परिस्थितीत ते बरोबरही आलं असतं.

आता दुसरी बाजू, अर्ध्या वॅटच्या झेनरसाठी. अर्धा वॅट हा कागदावरचा आकडा थंड वातावरणातला आहे. आमचं कार्ड ट्रान्सफॉर्मरसकट बंद प्लास्टिकच्या डब्यात, पंपाच्या खोलीत, पत्र्याखाली. मे महिन्यात त्या डब्यात ६० अंश सहज होतात. मी अशा ठिकाणी कागदावरच्या वॅटच्या ६० टक्क्यांवर थांबतो. अर्ध्या वॅटचे ६० टक्के म्हणजे ०.३ वॅट, आणि ५.१ ने भागलं की ५९ मिलिअँपिअर. लोडचा किमान करंट मी इथे ४ ऐवजी शून्य धरतो, कारण दिव्यांची पट्टी आणि मायक्रोकंट्रोलर वेगळ्या छोट्या कार्डावर आहेत आणि ते कनेक्टरने जोडलेलं आहे. कोणीतरी ते चालू सप्लायवर उपसणार हे मी गृहीतच धरतो. पुण्यात तर नक्कीच.

```
Rmin = (20 - 5.1) / (0.059 + 0) = 253 ohm
```

पाहा काय झालं ते. एक सूत्र म्हणतं १६३ पेक्षा लहान हवा, दुसरं म्हणतं २५३ पेक्षा मोठा हवा. असा रेझिस्टर तापकीर गल्लीच काय, जगातल्या कुठल्याच बाजारात मिळणार नाही. १००, १५०, २२०, ३३०, काहीही टाका, एका टोकाला कार्ड रडणारच. म्हणून ही तक्रार परत परत येते. प्रत्येक कारागीर रेझिस्टर बदलून तक्रार एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला ढकलतो, आणि महिन्याभरात दुसऱ्या टोकाकडून ती परत येते.

१०० ओहमवर रात्री काय होत होतं ते बघा. १४.९ भागिले १०० म्हणजे १४९ मिलिअँपिअर. लोडने ४ घेतले, झेनरला १४५. गुणिले ५.१, म्हणजे ०.७४ वॅट, अर्ध्या वॅटच्या तुकड्यावर, रोज पहाटेपर्यंत. तो महिनाभर टिकला यातच त्याचं कौतुक. आणि तो शॉर्ट झाल्यावर २० व्होल्ट १०० ओहमवर, म्हणजे ४ वॅट त्या २ वॅटच्या रेझिस्टरवर. तोच तो कोळसा.

म्हणून आधी झेनर बदला, मग रेझिस्टर

खिडकी उघडायची तर झेनरची ताकद वाढवायला हवी. एक वॅटचा ४७३३ घेतला (पूर्ण क्रमांक वन-एन-४७३३-ए). ६० टक्के म्हणजे ०.६ वॅट, म्हणजे ११८ मिलिअँपिअर.

```
Rmin = (20 - 5.1) / (0.118 + 0) = 126 ohm
```

आता १२६ ते १६३ अशी खिडकी उघडली. त्यात ठेवणीतला आकडा १५०. तपकिरी, हिरवा, तपकिरी.

दुकानात घेताना एक काळजी घ्या. अर्ध्या आणि एक वॅटचे झेनर दोन्ही काचेचे आणि केशरी रंगाचे मिळतात, आणि गर्दीच्या वेळी काउंटरवर ५.१ म्हटलं की हाताला येईल तो देतात. एक वॅटवाला अंगाने मोठा असतो आणि त्याचे पाय स्पष्टपणे जाड असतात. शेजारी शेजारी ठेवले की चूक होत नाही. एकटाच हातात असेल तर होते, माझीही झालेली आहे.

४७३३ ची आणखी एक गंमत. त्याचे ५.१ व्होल्ट हे ४९ मिलिअँपिअरवर मोजलेले असतात. आपण त्याला खालच्या टोकाला ५-१० वर चालवणार, तिथे तो काही दशांश व्होल्ट कमी दाखवतो. नवीन झेनर लावून ४.९ दिसलं म्हणून डुप्लिकेट समजून परत करायला जाऊ नका. अर्ध्या वॅटच्या मालिकेतले झेनर बहुतेक ५ मिलिअँपिअरवरच मोजून विकतात, म्हणून त्यांचा आकडा तिथे जुळतो.

पाच टक्क्यांची खुसपटं

१५० ओहम खिडकीच्या वरच्या कडेपासून फक्त १३ ओहम लांब आहे, तेव्हा टॉलरन्स तपासणं भाग आहे. वाईटात वाईट धरू: झेनर पाच टक्के वर, म्हणजे ५.३६; रेझिस्टर पाच टक्के वर, म्हणजे १५७.५. इनपुट १० असताना रेझिस्टरमधून २९.५ मिलिअँपिअर येतात. लोडने २५ घेतले, झेनरला साडेचार. काठावर, पण उभा. दुसऱ्या टोकाला दोघेही पाच टक्के खाली धरले, म्हणजे ४.८४५ आणि १४२.५, तर लोड उपसलेला असताना झेनरमधून १०६ मिलिअँपिअर, ०.५२ वॅट. एक वॅटच्या झेनरला हरकत नाही.

याच कारणाने अर्ध्या वॅटच्या झेनरला "पूर्ण अर्धा वॅट देऊन पाहू" हा युक्तिवाद टिकत नाही. पूर्ण अर्धा वॅट धरला तर किमान रेझिस्टर १५२ येतो, आणि १५२ ते १६३ अशी खिडकी कागदावर दिसते. पाच टक्क्यांचा रेझिस्टर ती खिडकी एका झटक्यात बंद करतो, आणि डब्यातली उष्णता वरून कडी लावते.

रेझिस्टरचा वॅट

इथे बरेच जण घसरतात, कारण दिवसा रेझिस्टर बोट लावण्याइतपत असतो. हिशेब वरच्या टोकाचा करायचा: १४.९ व्होल्टचा वर्ग भागिले १५०, जवळजवळ दीड वॅट. झेनर शॉर्ट झाला तर २० चा वर्ग भागिले १५०, म्हणजे २.७ वॅट. मी पाच वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर टाकला. मग झेनर उद्या मेलाच तरी रेझिस्टर बोर्ड जाळणार नाही.

तो बोर्डापासून पाच-सहा मिलिमीटर उचलून लावा, आणि कपॅसिटरपासून लांब. दीड वॅट रात्रभर शेजारी पेटत असेल तर इलेक्ट्रोलाइट सुकतं, कपॅसिटरची क्षमता घटते, रिपल वाढतो, तळ खाली येतो, आणि दोन वर्षांनी संध्याकाळचं भूत परत. झेनरचं मात्र उलट आहे: त्याची उष्णता पायांतून तांब्यात जाते, म्हणून त्याचे पाय आखूड ठेवा आणि सोल्डरची जागा भरघोस.

लावल्यानंतरची परीक्षा

व्हेरिअ‍ॅकवर १७२ व्होल्ट, रिले ओढलेला, पाचही दिवे चालू: आउटपुट ४.९, स्थिर, रीसेट नाही. नंतर २४८ व्होल्ट, रिले बंद, एकच हिरवा दिवा: आउटपुट ५.३. रेझिस्टरवर १३.४ व्होल्ट होते, म्हणजे ८९ मिलिअँपिअर. हिशेबात ९९ यायला हवे होते. फरकाचं कारण असं की हा करंट ओढताच कपॅसिटरवरचं सरासरी व्होल्टेज २० वरून १८.७ वर आलं. ट्रान्सफॉर्मर थोडा दबला आणि रिपल वाढला. २० हलक्या लोडवर मोजल्यामुळे हिशेब सुरक्षित बाजूला चुकला, ते बरंच. झेनरवर ०.४५ वॅट. शेवटी छोटं कार्ड उपसून, डबा बंद करून, एक तास तसंच ठेवलं. झेनरला बोट लावलं तर पटकन मागे घ्यावं लागलं, पण रंग बदलला नव्हता आणि व्होल्टेज हललं नव्हतं.

सिरीज रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजून करंट काढायची ही सवय लावून घ्या. काही तोडावं लागत नाही. त्यातून लोडचा करंट वजा केला की झेनरचा हिस्सा कळतो. दोन्ही टोकांना तो ५ मिलिअँपिअर आणि तुमची वरची मर्यादा यांच्यामध्ये असला की काम झालं.

आउटपुट ४.९ ते ५.३ असं हलतं हे लक्षात असू द्या. दिवे आणि मायक्रोकंट्रोलरला चालतं. पण ज्या कार्डावर हेच ५ व्होल्ट सेन्सर मोजायला संदर्भ म्हणून वापरले आहेत, तिथे संध्याकाळचं आणि रात्रीचं माप वेगवेगळं येईल.

खिडकी उघडतच नसेल तर

त्याच सोसायटीच्या दुसऱ्या इमारतीतलं कार्ड पाठोपाठ आलं. इनपुट तेच, पण त्यावर डिस्प्ले आहे आणि लोड ४५ मिलिअँपिअरपर्यंत जातो. कमाल रेझिस्टर ४.९ भागिले ०.०५, म्हणजे ९८ ओहम. एक वॅटच्या झेनरला किमान १२६ हवा. खिडकी बंद. आणखी मोठा झेनर लावून ती उघडता येते, पण मग रात्रभर तीन वॅट नुसते डबा तापवायला जाळायचे. शिवाय जास्त ओढल्याने रिपल वाढून तळ १० च्याही खाली येतो, म्हणजे खिडकी पुन्हा आखडते. ४७० चा कपॅसिटर काढून १००० मायक्रोफॅरडचा लावला तर तळ थोडा वर येतो, आणि सीमेवरच्या कार्डांत मी आधी तेच करतो, पण इथे तेवढ्याने भागणार नव्हतं.

तिथे झेनरला लोड वाहायला लावायचंच नाही. ५.६ व्होल्टचा अर्ध्या वॅटचा झेनर, ६८० ओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर, आणि त्या जोडाला बीडी १३९ चा बेस. कलेक्टर कच्च्या डीसीला, एमिटरवरून आउटपुट. ट्रान्झिस्टरचा गेन १०० धरला तरी बेसला अर्धा मिलिअँपिअर पुरतो, म्हणून आता रेझिस्टरच्या दृष्टीने लोड जवळजवळ शून्य ते अर्धा एवढाच हलतो. १० व्होल्टला रेझिस्टरमधून साडेसहा मिलिअँपिअर, झेनरला त्यातले सहा. २० व्होल्टला २१, म्हणजे झेनरवर ०.१२ वॅट, तो हसत हसत सोसतो. आउटपुट ५.६ मधून बेस-एमिटरचे ०.६५ गेले की ४.९५. ट्रान्झिस्टरवर वाईटात वाईट ०.६७ वॅट, म्हणून बीसी ५४७ इथे चालत नाही; त्याचा अर्ध्या वॅटचा जीव आहे.

"मग सरळ ७८०५ का नाही?" असं सेक्रेटरी काकांच्या मुलाने विचारलं, तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नवीन बोर्ड असता तर मीही तेच केलं असतं. या जुन्या बोर्डावर झेनर आणि रेझिस्टरची भोकं तयार आहेत, त्यात ट्रान्झिस्टर दोन मिनिटांत बसतो. ७८०५ ला ट्रॅक कापून दोन कपॅसिटरही जवळ द्यावे लागतात.

पहिलं कार्ड लावून आता पाच महिने झाले, त्यात एक मे महिनाही गेला. वॉचमनदादा व्होल्टमीटर परत द्यायला तयार नाहीत. रात्रीचे आकडे लिहायची त्यांना गोडी लागली आहे. परवाचा २५१ होता. मी पुन्हा खालचं सूत्र मांडलं. इनपुट २०.३, झेनरवर लोड उपसलेला असतानाही ०.५२ वॅट. रेझिस्टर तसाच राहू दिला.